पोटॅशियम क्लोराइडचा हरवलेला पहिला पीक

तो मुलगा दोन प्रिंटआउट घेऊन एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासायच्या, खोलीत आला तेव्हा मी निकेल फिल्टर पुसत बसले होते. "मॅडम, बाटली चुकीची आहे," आल्या आल्या त्याने निकाल जाहीर केला. एका कागदावर मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, दुसऱ्यावर पोटॅशियम क्लोराइड. दोन्हींची रचना एकच, हे त्याने वर्गात शिकलेलं. मग आलेखही सारखेच हवेत, फक्त पीक थोडे सरकलेले, अशी त्याची अपेक्षा होती. ती काही चुकीची नव्हती.

मिठाचा आलेख बरोबर होता. २७.४° ला लहानसा पीक, मग ३१.७° ला उंचच उंच, मग ४५.५° ला तिसरा. पोटॅशियम क्लोराइडमध्ये मात्र पहिलाच पीक उंच, तोही २८.३४° ला. त्याच्या आधी जवळजवळ सपाट. प्रत्येक पीक स्फटिकातल्या समांतर प्लेनच्या एका संचाचा असतो, आणि १११, २०० असे तीन अंक म्हणजे त्या संचाचं नाव. त्याने साहजिकच 'पहिला तो १११' असं धरून गणित केलं होतं आणि युनिट सेलची, म्हणजे जी पेटी पुन्हा पुन्हा रचून स्फटिक बनतो तिची, बाजू ५.४५ आली होती. पुढच्या ४०.५१° च्या पीकला २०० मानल्यावर ती ४.४५ झाली. एकाच पदार्थाची बाजू दर पीकला बदलते म्हटल्यावर वैतागून त्याने सगळे पीक सॉफ्टवेअरला दिले. सॉफ्टवेअरने बिनधास्त उत्तर दिलं: साधी घनाकृती जाळी, बाजू ३.१४७ अँगस्ट्रॉम. पोटॅशियम क्लोराइडची खरी बाजू ६.२९३. म्हणजे बरोबर निम्मी.

निम्मी बाजू बघितली तेव्हाच मला काय झालंय ते कळलं होतं. पण आधी माझीच एक शंका होती, ती मिटवायची होती. या क्षारांचे स्फटिक घनाच्या सपाट बाजूंवर फुटतात. पूड जाडसर राहिली आणि होल्डरमध्ये काचेने दाबून भरली तर कण सपाट बाजूवर आडवे होतात. मग २०० फुगतो आणि १११ दबतो. मुलं पूड नीट घोटत नाहीत, म्हणून माझा पहिला संशय नेहमी पुडीवरच असतो. या वेळी मात्र तो आलेखातच खोटा ठरला. ५०.२° ला २२२ चा पीक चांगला ठळक उभा होता. १११ आणि २२२ ही समांतर प्लेन आहेत, वेगळे कण लागत नाहीत. कण आडवे पडल्यामुळे १११ गेला असता तर त्याच्याबरोबर २२२ ही दबला असता. एक ठणठणीत आणि दुसरा गायब, तर दोष कणांच्या पडण्यात नाही, आतल्या अणूंत आहे.

"मग १११ आहे ना, हा बघा," म्हणत त्याने पेन्सिलीने २५.५६° पाशी एक टेंगूळ दाखवलं. खरंच होतं. पण तिथून बाजू काढली तर ६.०३ येते, ६.२९ नाही. माझ्या खोलीतलं हे जुनं भूत आहे. क्ष-किरणांच्या तांब्याच्या ट्यूबमधून मुख्य Kα किरणाच्या जोडीला १.३९२ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा Kβ ही निघतो. निकेल फिल्टर त्यातला बहुतेक खातो, सगळा नाही. जो उरतो तो सर्वांत उंच पीकची छोटी प्रत डावीकडे काढून ठेवतो. २०० साठी ती जागा नेमकी २५.५६° येते. खरा १११ असलाच तर २४.४८° ला हवा. तिथे त्याच्या आलेखात गवतासारखा गोंगाट होता, बाकी काही नाही.

मग मी फळ्याकडे वळले. क्लोरिनची प्लेन १११ च्या दिशेने एकावर एक रचलेली असतात, आणि दर दोन क्लोरिन प्लेनच्या बरोबर मधोमध एक प्लेन नुसत्या धातूचं. १११ चा पीक येतो तेव्हा लागोपाठच्या क्लोरिन प्लेनवरून परतणाऱ्या लाटांत एका पूर्ण तरंगलांबीचा फरक असतो. मधल्या धातूच्या प्लेनची लाट मग अर्ध्या तरंगलांबीने मागे पडते, म्हणजे ती क्लोरिनच्या अगदी उलट. दोघं एकमेकांना खोडतात. २२२ ला तोच अर्धा पूर्ण होतो आणि दोघं एका सुरात येतात. २०० मध्ये प्रत्येक प्लेनवर दोन्ही जातीचे अणू शेजारी शेजारी, तिथे भांडणच नाही. पेटीतल्या सगळ्या अणूंच्या लाटांची बेरीज म्हणजे स्ट्रक्चर फॅक्टर F, एका जातीच्या अणूची लाट किती जोरदार ते सांगतो स्कॅटरिंग फॅक्टर f. त्या बेरजेतून हेच दोन ओळींत निघतं. तिन्ही अंक सम असतील तर दोन स्कॅटरिंग फॅक्टरांची बेरीज, तिन्ही विषम असतील तर वजाबाकी. सम-विषम मिसळले की शून्य.

```
सम:   F = 4 (f_Cl + f_K)
विषम: F = 4 (f_Cl − f_K)
```

"मग पोटॅशियम आयनचे इलेक्ट्रॉन अठरा, क्लोराइडचेही अठरा. अठरातून अठरा गेले, शून्य. म्हणून पीक नाही," मी खडू ठेवत म्हटलं. गेली कित्येक वर्षं मी हे वाक्य याच खोलीत असंच म्हणत आले आहे. मिठात सोडियमचे दहा आणि क्लोराइडचे अठरा, वजाबाकी उरते, म्हणून तिथे लहान का होईना १११ दिसतो. मुलं मान डोलावतात, जातात.

हा गेला नाही. त्याने विचारलं, "मॅडम, पण पोटॅशियमच्या केंद्रात एकोणीस प्रोटॉन आणि क्लोरिनच्या सतरा. इलेक्ट्रॉन तेवढेच असले तरी ढग तेवढाच कसा असेल?"

मी गप्प. कारण तो बरोबर होता आणि मला हे माहीत होतं, फक्त मी कधी वाक्यात घालत नव्हते. स्कॅटरिंग फॅक्टर म्हणजे इलेक्ट्रॉनांची मोजदाद नाही. सरळ पुढच्या दिशेने पाहिलं, कोन शून्य, तेव्हाच तो अठरा असतो. कोन वाढला की ढगाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंवरून निघालेल्या लाटा आपसात जुळेनाशा होतात आणि f घसरतो. ढग जितका पसरट, घसरण तितकी वेगाने. एकोणीस प्रोटॉनांनी आवळलेला पोटॅशियमचा ढग घट्ट, सतराजणांनी कसाबसा धरलेला क्लोराइडचा सैल. म्हणजे सुरुवात एकाच ठिकाणाहून, पण क्लोराइड लवकर उतरतो. शून्य फक्त शून्य कोनाला, आणि तिथे कुठलाच पीक मोजता येत नाही.

तक्त्यांतले आकडे काढले. १११ पाशी sinθ/λ ०.१३८ येतो. तिथे पोटॅशियम आयनचा f सुमारे १५.७, क्लोराइडचा १४.२. वजाबाकी दीड. पुढच्या २०० ला १५.० आणि १३.४, बेरीज २८.४. तीव्रता F च्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून दीड भागिले २८.४, त्याचा वर्ग, साधारण ०.००२८. त्यावर दोन दुरुस्त्या. १११ जातीची आठ प्लेन आहेत तर २०० जातीची सहा, आणि कमी कोनाला लॉरेंझ-पोलरायझेशन घटक १११ ला थोडी मदत करतो. दोन्ही मिळून सुमारे १.८ पट. उत्तर आलं: २०० च्या अर्धा टक्का. औष्णिक थरथर यात धरली नव्हती, पण एवढ्या कमी कोनांवर तिने चित्र बदलत नाही.

तोच हिशोब मिठासाठी करून बघ म्हटलं. सोडियम ९.०, क्लोराइड १३.६, फरक ४.६, २०० ची बेरीज २१.४. त्याच दुरुस्त्यांनंतर आठ टक्क्यांच्या आसपास. आठ टक्के डोळ्यांना दिसतात. अर्धा टक्का दिसत नाही.

का दिसत नाही, तेही त्याच्या आलेखावरच होतं. त्याने प्रत्येक पायरीवर अर्धाच सेकंद मोजलं होतं. २०० चा माथा चार हजार काउंटचा, म्हणजे १११ चा अपेक्षित माथा वीस. पार्श्वभूमी दीडशे, आणि दीडशेचा नैसर्गिक हेलकावा तिच्या वर्गमुळाइतका, बारा. बारांच्या हेलकाव्यात वीसची टेकडी कोण ओळखणार? "नाही" आणि "दिसत नाही" यांत फरक वीस काउंटचा होता.

दुपारी मशीन रिकामं होतं. पूड पुन्हा घोटली, मागच्या बाजूने भरली म्हणजे पृष्ठभागावर काच दाबावी लागत नाही, आणि फक्त २३.५° ते २६.५° एवढाच तुकडा लावला, ०.०२° ची पायरी, दर पायरीला दहा सेकंद. पंचवीस मिनिटं. मुलगा पूर्ण वेळ स्क्रीनसमोर उभा. वेळ वीसपट झाला की काउंटही वीसपट, म्हणून १११ चे चारशे व्हायला हवेत. पार्श्वभूमी तीन हजारांवर जाते, पण तिचा हेलकावा फक्त पंचावन्न. २४.४° ओलांडल्यावर रेघ वर चढू लागली आणि २४.४८° ला एक छोटी, नीट गोल टेकडी झाली. थोडं पुढे २५.५६° ला Kβ चं भूत, तिच्याहून उंच. खऱ्यापेक्षा खोटा मोठा. तो दोन्हींकडे बघत हसायला लागला.

सॉफ्टवेअरला मी दोष देत नाही. १११ आणि ३११ गाळले की उरतात फक्त सम अंकांचे पीक, आणि सगळे अंक सम असतील तर प्रत्येकाला दोनने भागून निम्म्या बाजूची साधी घन जाळी तंतोतंत बसते. sin²θ चं प्रमाण १, २, ३, ४, ५, ६ आणि मग थेट ८, सात नाही. साध्या घन जाळीची ओळख हीच. १९१३ मध्ये लॉरेन्स ब्रॅगने पोटॅशियम क्लोराइड, मीठ, पोटॅशियमचे ब्रोमाइड आणि आयोडाइड एकापुढे एक ठेवले होते. पोटॅशियम क्लोराइड त्यालाही साध्या घन जाळीसारखंच वागताना दिसलं, आणि बाकीच्यांशी तुलना करूनच त्याने दोन जातींचे अणू वेगळे ओळखले.

आलेख सोडून आणखी एक वाट आहे, ती मी त्याच्याकडूनच करवून घेतली. घनता १.९८४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. बाजू ३.१४७ असेल तर पेटीत मावणारं वस्तुमान ६२ × १०⁻²⁴ ग्रॅम. पोटॅशियम क्लोराइडच्या एका सूत्र-एककाचं वस्तुमान १२४ × १०⁻²⁴. त्याने भागाकार केला, पुन्हा केला, आणि माझ्याकडे बघितलं. पेटीत अर्धं सूत्र-एकक. म्हणजे एक पेटी, एक अणू, आणि तो पोटॅशियमही असावा आणि क्लोरिनही.

जाताना त्याने शेजारच्या आयआर खोलीतल्या गोळ्यांसाठी ठेवलेलं पोटॅशियम ब्रोमाइड मागून आणलं. छत्तीस विरुद्ध अठरा. २३.३° ला १११ अर्ध्या सेकंदाच्या स्कॅनमध्येच उभा राहिला. बाटलीवरचं "लेबल चुकीचं?" लिहिलेलं स्टिकर त्याने स्वतःच खरवडून काढलं. नोंदवहीत मी २४.४८° आणि ४०० काउंट लिहिले. फळ्यावरचं "अठरातून अठरा गेले, शून्य" तसंच होतं, ते पुसून खाली १५.७ आणि १४.२ लिहून ठेवलं.