काउंटिंग सॉर्टमधून रॅडिक्स सॉर्टकडे जाताना

माझ्यासमोर एका उपकरणाच्या नोंदींची मोठी फाइल होती. प्रत्येक नोंद म्हणजे ० ते २५५ मधली एक पूर्ण संख्या. अशा लाखो नोंदी चढत्या क्रमाने लावायच्या होत्या. दोन-दोन संख्यांची तुलना करत क्रम लावायचा तर दहा लाख आकड्यांना साधारण दोन कोटी तुलना लागतात, आणि तुलनेवर चालणारी कुठलीही पद्धत यापेक्षा फारशी खाली येऊ शकत नाही. पण इथे संख्याच मुळात फक्त २५६ प्रकारच्या आहेत, मग एकीला दुसरीशी ताडून बघायचंच कशाला? कोणती किती वेळा आली ते मोजलं की झालं.

काउंटिंग सॉर्ट नेमकं हेच करतं. मी कागदावर ४, १, ३, ४, ०, १ एवढे सहाच आकडे घेतले. शून्य एकदा, एक दोनदा, दोन एकदाही नाही, तीन एकदा, चार दोनदा. मग ही मोजणी डावीकडून बेरीज करत नेली: १, ३, ३, ४, ६. या बेरजा म्हणजे प्रत्येक आकड्याचा गट कुठे संपतो ती जागा. चारची बेरीज ६, म्हणजे शेवटचा चार सहाव्या जागी. मूळ यादी शेवटाकडून वाचायची, आकडा त्याच्या बेरजेने दाखवलेल्या जागी ठेवायचा आणि ती बेरीज एकने कमी करायची. यादी दोनदा वाचून काम संपतं.

यादी शेवटाकडूनच का वाचायची, हे मात्र मला इथे दिसेना. सुरुवातीपासून वाचली तरी उत्तर तेच येत होतं. नुसते आकडे असले की एक चार आणि दुसरा चार यांत फरकच नसतो, त्यामुळे कोण पुढे आणि कोण मागे हे कळायला मार्ग नाही.

ते कळलं रॅडिक्स सॉर्टमध्ये. पुढच्या फाइलमध्ये ३२ बिटांच्या संख्या होत्या. त्यांना थेट काउंटिंग सॉर्ट लावायचं तर जवळपास ४३० कोटी मोजण्या ठेवाव्या लागतात. प्रत्येकीला चार बाइट धरले तर एकट्या मोजणीलाच १६ जीबी. म्हणून संख्येचे आठ-आठ बिटांचे चार तुकडे करायचे आणि सर्वांत हलक्या तुकड्यापासून सुरुवात करून प्रत्येक तुकड्यावर एकेकदा काउंटिंग सॉर्ट चालवायचं. मोजण्या प्रत्येक फेरीत फक्त २५६.

```c
for (i = n - 1; i >= 0; i--)
    out[--count[(a[i] >> shift) & 255]] = a[i];
```

`shift` आधी ०, मग ८, १६ आणि २४. `a` चिन्हरहित संख्यांचा, `i` चिन्हासह, आणि `count` मध्ये वर सांगितलेल्या बेरजा प्रत्येक फेरीत नव्याने काढलेल्या.

आता ५२, ४७, ५८, ४१ हे चार आकडे दशमान पद्धतीने बघा. एककावर लावले की ४१, ५२, ४७, ५८. दशकावर शेवटाकडून वाचत लावले की ४१, ४७, ५२, ५८, अगदी बरोबर. हीच दुसरी फेरी मी मुद्दाम सुरुवातीपासून वाचून बघितली. निघालं ४७, ४१, ५८, ५२. दशकांचे गट जागच्या जागी, पण गटाच्या आत सगळं उलटं! दशकाच्या फेरीला एकक दिसतच नाही. ४१ हा ४७ च्या आधी यावा ही माहिती फक्त पहिल्या फेरीने लावलेल्या क्रमात साठलेली असते, आणि समान दशकांचा क्रम हलला की ती पुसली जाते. समान आकड्यांचा आपसातला क्रम न बदलणं, म्हणजे स्थिरता, काउंटिंग सॉर्टमध्ये ऐच्छिक वाटते. रॅडिक्स सॉर्ट मात्र तिच्यावरच उभं आहे. मला या विषयात सर्वांत सुंदर वाटलेली गोष्ट हीच. उत्तरात वरचे अंक नीट आणि खालचे विस्कटलेले दिसले, तर सर्वांत आधी याच ओळीची दिशा तपासावी.

सोळा बिटांचे दोनच तुकडे करून फेऱ्या निम्म्या करता येतात. पण मग मोजण्या ६५,५३६ होतात, म्हणजे २५६ केबी. त्या प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या कॅशमध्ये सहसा मावत नाहीत, आणि आकडेही एवढ्या विखुरलेल्या जागी लिहावे लागतात की वाचलेला वेळ बऱ्याचदा तिथेच खर्च होतो. मी आठ बिटांवरच राहिलो. शिवाय फेऱ्या चार, म्हणजे सम असल्याने, दोन अ‍ॅरे आलटूनपालटून वापरले की शेवटचं उत्तर आपसूक मूळ अ‍ॅरेत परत येतं.

ऋण संख्या तेवढ्या वेगळ्या हाताळाव्या लागतात. त्यांचा सर्वांत वरचा बिट १ असतो, त्यामुळे वरची ओळ त्यांना धन संख्यांच्या नंतर नेऊन ठेवते. सुरुवातीला प्रत्येक संख्येवर `x ^ 0x80000000` केलं आणि शेवटी तेच पुन्हा केलं, की त्या आपल्या जागी, शून्याच्या आधी येतात.