तुम्ही विचारलंत म्हणून: दहा मिनिटांची गोष्ट, चार ओळींची हिस्ट्री

"मॅडम, पेशंट दहा मिनिटं बोलतो आणि तुम्ही चार ओळी लिहिता, काय ठेवायचं काय सोडायचं हे कळतं कसं?"

एक पेशंटच सांगते. घट बसलेले त्या आठवड्यात साठीच्या एक मावशी ओपीडीला आल्या, बसल्या बसल्या म्हणाल्या पित्त झालंय. मग सुरू झालं, पोळ्याला पुरणपोळी खाल्ली तेव्हापासून छातीत भरून येतं, मेडिकलमधून गोळी आणली, सुनेला वेळ नाही म्हणून पाण्याचा हंडा मलाच आणावा लागतो आणि चढावर दोनदा टेकावं लागतं, टेकलं की ढेकर येते नि मोकळं वाटतं, परवा रात्री तर झोपेतून उठून बसले, घामाने पोलकं भिजलं.

इंटर्नने लिहिलं होतं, 'पित्ताचा त्रास, एक महिना.' चूक इथेच होते, कारण पित्त ही तक्रार नाही, ते मावशींनी स्वतःच केलेलं निदान आहे, आणि ते केसपेपरवर चढलं की पुढचा डॉक्टरही पित्ताचीच गोळी देतो. म्हणून मी विचारते, पित्त म्हणजे नक्की काय होतं, हात ठेवून दाखवा. त्यांनी मूठ छातीच्या मधोमध दाबून धरली. झाली मुख्य तक्रार: छातीत मधोमध दडपण, एक महिना, दोन दिवसांपासून जास्त. (पोळा ते घटस्थापना साधारण महिना, तारीख कुणाला आठवत नाही, सण आठवतो.)

आता सुनेची गोष्ट सोडायची, पण त्यातला हंडा आणि चढ सोडायचा नाही, कारण श्रम केले की येतं आणि थांबलं की जातं हे सगळं त्या एका वाक्यात आहे. ढेकर त्यांनी कारण म्हणून सांगितली, आराम खरा थांबल्याने पडला. आणि जे त्यांनी सांगितलंच नाही ते विचारून घ्यायचं, किती वेळ राहतं, जेवणाशी संबंध आहे का, ताप, खोकला, दाबल्यावर दुखतं का.

परवाचा घाम ऐकला तेव्हा पेन खाली ठेवून आधी ईसीजी काढायला सांगितला, लिहिलं नंतर:

'महिन्यापूर्वीपर्यंत त्रास नव्हता. चढावर ओझं नेताना छातीत मधोमध दडपण, थांबल्यावर पाचेक मिनिटांत जातं. परवा रात्री झोपेत, विश्रांतीत पहिल्यांदाच, वीसेक मिनिटं, सोबत घाम. जेवणाशी संबंध नाही, ताप-खोकला नाही, दाबून दुखत नाही. आठ वर्षं मधुमेह.'

बदल कधी झाला, श्रमावरून विश्रांतीत कधी आलं, ही ओळ कितीही घाई असली तरी कापायची नाही, कारण त्यावरच मावशींना घरी पाठवायचं की ॲडमिट करायचं हे ठरतं.

लिहून झालं की मी ते पेशंटला मराठीत वाचून दाखवते. मावशी ऐकत होत्या, मान हलवली आणि म्हणाल्या, बरोबर हाय, पण बाई, तेव्हा डावा हात पण जड पडतो, ते लिवलंच न्हाई तुम्ही.