चष्मा, दाढी, पगडी: चित्रात माणूस तोच राहावा म्हणून

आमच्या गटातल्या सगळ्यांची फोटोंवरून शाई आणि जलरंगाच्या शैलीत चित्रं करायचं काम माझ्याकडे आलं. साधन होतं माझ्याच संगणकावर चालणारं स्टेबल डिफ्यूजन एक्सएल: फोटो द्यायचा, शैली सांगायची, चित्र घ्यायचं. पहिल्या फेरीत नाक, जबडा, हसू सगळं जागच्या जागी आलं. तरी काही चित्रांतला माणूस ओळखीचा वाटेना. शोधायला बसलो तेव्हा गडबड डोळ्यानाकात नव्हती. ती चष्म्याच्या तारेत, दाढीच्या काठात, कपाळावर केस जिथून सुरू होतात तिथे आणि डोक्यावरच्या कापडात होती.

या सगळ्यात कस लागला तो एका ज्येष्ठ शीख सहकाऱ्यांच्या चित्राचा. गडद निळी पगडी, बांधून जबड्यालगत बसवलेली करडी दाढी आणि बारीक तारेचा अर्ध्या फ्रेमचा चष्मा. पहिल्या चित्रात पगडीच्या मधोमध एक हिरा आला होता, तिच्याखालून कपाळावर केस डोकावत होते, दाढी छातीपर्यंत वाढली होती आणि चष्मा जाड, गोल, पूर्ण फ्रेमचा झाला होता. चेहरा मात्र त्यांचाच. ते चित्र बघून ते म्हणाले, "हा कुणीतरी राजा आहे रे, मी नाही."

पुढचं काही करण्याआधी मी त्यांच्याजवळ बसून फोटोत काय काय दिसतंय ते विचारून घेतलं. कपाळावर दोन्हीकडच्या लडी, म्हणजे कापडाच्या घड्या, येऊन टोक होतं, त्या टोकाखाली दिसणारा केशरी त्रिकोण म्हणजे पगडीच्या आत बांधलेली फिफ्टी नावाची कापडी पट्टी. एका बाजूला लडी एकावर एक स्पष्ट दिसतात, दुसरी बाजू जवळजवळ सपाट. कानाचा वरचा भाग पगडीत झाकलेला, त्यामुळे चष्म्याची काडी कानावर टेकलेली दिसतच नाही, ती कापडाखाली जाते. मी फोटो कितीही मोठा करून बघितला असता तरी यातलं निम्मं मला फक्त सुरकुत्या वाटलं असतं. आणखी एक गोष्ट तिथेच कळली. काही फोन समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशासारखा उलटा साठवतात. यांचा फोटो तसाच होता, म्हणजे पगडीची लडींची बाजू उलट. तो आधी सुलटा केला. भांग पाडणाऱ्यांच्या बाबतीतही हे तपासायलाच हवं.

मग प्रश्न उरला की यंत्र नेमक्या याच गोष्टी का बदलतं. एक कारण आकाराचं आहे. हे मॉडेल चित्रावर थेट काम करत नाही. आधी ते चित्राचं आकुंचित रूप करून घेतं, त्यात मूळच्या 8 बाय 8 पिक्सेलचा एक ठिपका होतो. मी अर्धाकृती फोटो 832 बाय 1216 मापात दिला होता. त्यात चेहऱ्याची रुंदी साधारण 200 पिक्सेल आणि चष्म्याची तार जेमतेम दोन-तीन. एका ठिपक्याच्या पावभागाइतकी वस्तू पुन्हा रेखाटायची वेळ आली की मॉडेल ती आठवणीतून रेखाटणार, आणि त्याच्या आठवणीतला चष्मा पूर्ण फ्रेमचाच असतो. दुसरं कारण सवयीचं. पगडी म्हटलं की त्याने पाहिलेल्या असंख्य चित्रांत शिरपेच, पिसं, दागिने असणार. तेच ते आणून लावतं.

म्हणून मी अर्धाकृती बाजूला ठेवली आणि फक्त डोकं कापून 1024 बाय 1024 केलं. पगडीचा माथा आणि दाढीचं टोक दोन्ही आत येतील इतकंच. चेहरा 500 पिक्सेलच्या आसपास गेला आणि तार सहा-सात पिक्सेलची झाली. एवढ्यानेच चष्मा सावरला. खांदे आणि पार्श्वभूमी नंतर वेगळी करून जोडली. तिथे चूक झाली तरी ओळख बिघडत नाही.

`Denoising strength` हा आकडा 0 असेल तर फोटो आहे तसा राहतो, 1 असेल तर फोटोचं जवळपास काहीच उरत नाही. जलरंग अंगात मुरायला मला 0.6 च्या आसपास जावं लागत होतं, आणि तिथेच पगडी हातातून सुटत होती. 0.35 ला पगडी शाबूत, पण चित्र म्हणजे फोटोवर मारलेला रंगाचा फिल्टर. संपूर्ण चित्राला एकच आकडा लावून हे सुटत नाही. गालाला, कपड्याला, पार्श्वभूमीला मोकळीक द्यायची आणि या चार गोष्टींना आवळून धरायचं, हाच मार्ग.

आवळण्यासाठी कंट्रोलनेट वापरलं, म्हणजे फोटोच्या कडा काढून त्या रेषांना धरून चित्र काढायला लावायचं. कडा शोधणारं कॅनी हे तंत्र मात्र आंधळं आहे. त्याने दाढीच्या प्रत्येक केसाची रेषा काढली आणि काचेवरच्या चमकेचीही. उलट फिफ्टीचा त्रिकोण सावलीत असल्यामुळे तो गाळला. ते रेषाचित्र तसंच दिलं असतं तर दाढीचा काटेरी झुडुपासारखा गुंता झाला असता. मी ते रेषाचित्र उघडून हाताने साफ केलं: दाढीच्या आतल्या रेषा पुसल्या, बाहेरचा काठ ठेवला, त्रिकोण काढला, लडींच्या कडा जोडल्या, काचेवरची चमक पुसली आणि चष्म्याची वरची तार जराशी जाड केली. या साऱ्या कामात सगळ्यात जास्त फळ देणारा वेळ हाच, असं माझं मत आहे. नंतर कितीही आकडे फिरवले तरी चुकीच्या रेषेतून बरोबर पगडी येत नाही.

शब्दही बदलले. turban लिहिलं की दागिना येतच होता, म्हणून तो शब्द काढून कापडाचं वर्णन लिहिलं, आणि जे चित्रात यायला नको ते Negative मध्ये:

```
elderly man, layered navy blue cloth wrapped to a point
at the forehead, small saffron triangle under it,
tied grey beard close to the jaw,
thin metal half-rim glasses, ink and watercolor
Negative: jewel, brooch, feather, long beard, hair on forehead
```

यातून पगडी आणि दाढी जवळजवळ बसली. चष्म्यासाठी वेगळी फेरी लागली. दोन्ही डोळे आणि पूर्ण चष्मा एकाच मास्कमध्ये, म्हणजे पुन्हा रंगवायला निवडलेल्या भागात, घेतला, `Only masked` निवडलं, म्हणजे तेवढाच भाग मोठा करून रंगवला जातो, आणि आकडा 0.35 ठेवला. एकेक काच वेगळी केली की दोन काचा दोन मापांच्या होतात, म्हणून दोन्ही एकत्रच. अर्ध्या फ्रेमला खाली तार नसते, काचेची खालची कड फक्त एका चकाकत्या रेघेने कळते. ती रेघ मॉडेलला काही केल्या उमगेना, दर वेळी खाली काळी तार येई. शेवटी वेगळ्या लेयरवर ती मी हाताने काढली आणि त्यावरून 0.2 ची एक हलकी फेरी फिरवली, म्हणजे रेघ जलरंगात मिसळून गेली.

चष्म्याची आणखी एक खूण सहसा कुणी बघत नाही. त्यांचा नंबर मोठा आणि वजा आहे. अशा काचेतून डोळे लहान दिसतात आणि काचेच्या कडेपाशी गालाची बाह्यरेषा तुटून आत सरकलेली दिसते. मॉडेल ती रेषा सरळ करतं आणि डोळे मोठे करतं. चित्र देखणं होतं, पण त्यांच्याकडे रोज बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. आत सरकलेली ती छोटी पायरी रेषाचित्रात काढून दिली आणि नजर त्यांची झाली.

दाढीत रंगाचीही बाब होती. हनुवटीवर पांढरी आणि कानांकडे काळपट अशी त्यांची दाढी. शैलीने ती सरसकट करडी केली होती. फोटोतून तीन छटा उचलून त्या त्या जागी सपाट रंग भरला आणि मग फेरी दिली. मॉडेल रेषेपेक्षा रंगाच्या डागांचं जास्त ऐकतं, हे तेव्हा लक्षात आलं.

कपाळ मागे गेलेल्या दुसऱ्या एका सहकाऱ्याच्या चित्रात उलटी अडचण आली. विरळ केसांना कडच नसते, त्यामुळे कॅनीला तिथे काही सापडत नाही आणि मॉडेल मोकळी जागा केसांनी भरून टाकतं. receding hairline लिहिलं तर थेट टक्कल पडे. high forehead, thin hair at temples हे जमलं, सोबत रेषाचित्रात केसांची सुरुवात तुटक रेषेने दाखवली. सलग रेषा दिली की टोपी घातल्यासारखे केस येतात.

हिजाब घालणाऱ्या सहकारिणीच्या चित्रात कापड छान आलं, पण कानशिलापाशी केसांची एक बट बाहेर आली होती. ज्या बाईने केस दिसू नयेत म्हणून तो बांधला आहे तिच्या चित्रात हे चालणारच नाही. बाकी सारं सुरेख असलं तरी ते चित्र बाद. नकारात्मक शब्द लिहून बट जाईलच याची खात्री नसते. चेहरा आणि कापड यांच्यामधल्या पट्टीवर मास्क लावून तिथे आधी कापडाचा रंग भरला, मगच फेरी दिली. ते चित्र इतर कुणी बघण्याआधी तिला दाखवलं.

तपासताना चेहरे जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या गुणांवर मी विसंबलो नाही. असे प्रोग्राम चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत कापून घेतात, आर्कफेसमध्ये तो तुकडा 112 बाय 112 पिक्सेलचा असतो. पगडी बहुतांशी त्याच्या बाहेरच राहते, म्हणून राजाच्या त्या पहिल्या चित्रालाही चांगले गुण मिळू शकतात. त्याऐवजी मूळ फोटो चित्रावर अर्धपारदर्शक ठेवून पगडीचं टोक, दाढीचा काठ आणि चष्म्याचा पूल सरकलेत का ते पाहिलं. मग चित्र अंगठ्याच्या नखाएवढं करून, त्या माणसाला ओळखणाऱ्या पण हे काम न पाहिलेल्या एकाला दाखवलं. नाव लगेच आलं तर ठीक. थांबून, विचार करून आलं तर मी पुन्हा रेषाचित्र उघडायचो.

प्रत्येकाचं साफ केलेलं रेषाचित्र आणि मास्क मी वेगळे जपून ठेवले आहेत. उद्या याच मंडळींची चित्रं कोळशाच्या शैलीत हवी झाली तर शब्द आणि आकडे बदलतील, पण फिफ्टीचा त्रिकोण आणि काचेतली ती पायरी पुन्हा शोधावी लागणार नाही.