आजीला काय हवंय

पुण्यात जपानी शिकत होते तेव्हा ‘ताइ’चा धडा आला आणि सगळा वर्ग हसत सुटला. क्रियापदाला ‘ताइ’ लावलं की इच्छा व्यक्त होते. इकु म्हणजे जाणे, इकिताइ म्हणजे जायचंय. नोमु म्हणजे पिणे, नोमिताइ म्हणजे प्यायचंय. इकिताई, नोमिताई, ताबेताई, मिताई! एखाद्या सोसायटीच्या भिशीला जमलेल्या बायका वाटाव्यात. त्या हसण्यात धडा पक्का झाला खरा, पण अर्धाच. पुढच्या अर्ध्या धड्याला ‘तागारु’ असं नाव होतं. तो परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरले.

तो पुन्हा भेटला तोक्योत, मुलीच्या पाळणाघराच्या वहीत.

इथल्या पाळणाघरात, म्हणजे होइकुएनमध्ये, रेनराकुच्यो नावाची वही असते. सकाळी आपण लिहायचं: ताप किती, रात्री झोप कशी झाली, नाश्त्याला काय खाल्लं. संध्याकाळी त्याच पानावर बाई लिहून पाठवतात, दिवस कसा गेला ते. मुलगी दीड वर्षाची होती. एका रात्री तिने बारा वाजेपर्यंत धिंगाणा घातला. सकाळी घाईघाईत मी लिहिलं, ‘साकुया वा ज्यूनिजि मादे नेताकुनाकात्तादेसु’. माझ्या मनात होतं, काल रात्री बारापर्यंत हिला झोपायचं नव्हतं.

संध्याकाळी घ्यायला गेले तर बाईंनी मला जरा बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “ओकाआसान, दाइज्योबु देसुका?” आई, तुम्ही बऱ्या आहात ना?

मी लिहिलेल्याचा अर्थ होत होता, ‘काल रात्री मला बारापर्यंत झोपावंसं वाटत नव्हतं.’ त्यांना खरी गोष्ट कळली नसेल असं नाही. वही मुलीची, लिहिणारी परदेशी बाई. पण न जाणो, आईचंच काही बिनसलं असेल तर? म्हणून विचारून घेतलं.

आता गंमत बघा, त्या वाक्यात ‘मी’ कुठेच नाही. जपानीत कर्ता सर्रास गाळतात. मराठीत आपण ‘मला’, ‘तिला’ असं काहीतरी लावतो, मग ‘जायचंय’ कोणालाही चालतं: मला जायचंय, तुला जायचंय, त्यांना जायचंय. जपानीत ते काम बरंचसं ‘ताइ’च उरकतो. साध्या विधानात नुसतं ‘इकिताइ’ म्हटलं की जायचंय ते बोलणाऱ्याला. तेच शेवटी सूर चढवून विचारलं, ‘इकिताइ?’, की जायचंय ते ऐकणाऱ्याला. तिसऱ्याला त्यात सहज जागा नाही. कारण इच्छा ज्याच्या मनात, ती त्यालाच ठाऊक. दुसऱ्याच्या मनातलं आपण इतक्या खात्रीने कसं सांगणार?

मग तिसऱ्याच्या इच्छेचं काय करायचं? त्याचं उत्तर बाईंनीच त्या संध्याकाळी वहीत लिहून दिलं. त्या दिवशी पाऊस होता, मुलं आतच होती. बाईंनी लिहिलं होतं, हिने कितीदा तरी बूट आणून दाखवले, ‘सोतो नि देतागात्तेइमाशिता’. सोतो म्हणजे बाहेर, देरु म्हणजे बाहेर पडणे. पण देताइ नाही, देतागात्तेइमाशिता.

‘ताइ’ची रूपं विशेषणासारखी चालतात, तो मनाची अवस्था सांगतो. ‘तागारु’ हे मात्र सरळ क्रियापद आहे, ते वागणं सांगतं. हिला बाहेर जायचं होतं, असा दावा बाई करत नव्हत्या. बाहेर जायचं असल्याची लक्षणं ही दाखवत होती, एवढंच त्या सांगत होत्या. बूट हा पुरावा. एखादा माणूस खिडकीशी घुटमळतो, सारखं घड्याळ बघतो, कुत्रं दाराला पंजे मारतं, तिथे तागात्तेइरु. मी सकाळी लिहायला हवं होतं ‘नेतागारिमासेन्देशिता’, म्हणजे झोपायला तयारच होईना.

हा ‘गारु’ फक्त इच्छेपुरता नाही. थंडी वाजणं, भीती वाटणं, दुखणं, या आतल्या सगळ्या गोष्टींना तोच नियम. मला दुखतंय तर ‘इताइ’. पोर पोट धरून कळवळतंय तर ‘इतागात्तेइरु’. एकदा पाळणाघरातून फोन आला तेव्हा हेच क्रियापद कानावर पडलं, आणि पोट धरून बसलेली पोरगी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

नवं हत्यार हातात आलं की माणूस ते सगळीकडे चालवतो. नवऱ्याने ऑफिसात चालवलं. साहेबांना एक फाइल बघायची होती. याने सहकाऱ्याला सांगितलं, साहेब ‘मितागात्तेइमासु’. व्याकरण चोख. सहकारी मात्र खाली मान घालून हसायला लागला. कारण तागारुत थोडा हट्ट आहे, थोडी चुळबुळ आहे. साहेब फाइलसाठी पाय आपटतायत असं काहीसं चित्र उभं राहिलं. मोठ्या माणसाच्या इच्छेचं वागणं वर्णन करायचं नसतं, त्यांचा शब्द पोचवायचा असतो: ‘गोरान नि नारिताइ तो नो कोतो देसु’, बघायचंय असं त्यांचं म्हणणं आहे. इथे ‘ताइ’ पुन्हा आला, पण तो आता साहेबांच्या तोंडचा. आपण फक्त निरोप्ये.

हा मार्ग मला फार आवडला, कारण तो ओळखीचा आहे. ‘त्याला यायचंय म्हणे.’ हे ‘म्हणे’ शेवटी टाकलं की आपणही हात झटकून मोकळे होतो. बोलीतल्या जपानीत तेच काम ‘त्ते’ करतो: ‘इकिताइत्ते’, जायचंय म्हणतोय. फरक एवढाच की मराठीत ‘म्हणे’ आपल्या मर्जीवर आहे, आणि जपानीत काहीतरी लावल्याशिवाय सहसा सुटका नाही. पाहिलं असेल तर तागात्तेइरु, ऐकलं असेल तर त्ते, नुसता अंदाज असेल तर ‘ताइ’च्या पुढे मिताइ किंवा राशिइ. (कादंबरीकाराला सूट आहे, तो पात्राच्या डोक्यातच बसलेला असतो. आणि ‘इकिताइ हितो’, ज्याला जायचंय तो माणूस, अशा जोडणीतही ताइ बिनदिक्कत चालतो.) थोडक्यात, दुसऱ्याची इच्छा सांगताना ती तुम्हाला कळली कशी हेही सांगून टाकावं लागतं.

मुलगी साडेतीन वर्षांची झाली तेव्हा सासूबाई तीन महिन्यांसाठी सांगलीहून आल्या. नातीची जपानी त्यांना कळेना, त्यांची मराठी हिला पुरती कळे. दोघी दुपारभर बाल्कनीत बसायच्या. मी कामात. परतीच्या दिवशी नारिता विमानतळावर सामान देऊन आम्ही उभे होतो. आई पर्समध्ये पासपोर्ट तिसऱ्यांदा तपासत होत्या. “सगळं नीट झालं हो,” म्हणाल्या, “आता घर उघडून झाडून घ्यायचंय.” अगदी निघायच्या तयारीत. चेहऱ्यावर काही दिसेना.

तेवढ्यात मुलीने माझा कुर्ता ओढला आणि म्हणाली, “आज्जी, काएरिताकुनाइन्दात्ते.”

आजीला परत जायचं नाहीये. पण तिने तागारु वापरला नव्हता. शेवटी त्ते होता. म्हणजे तिने हे बघून ओळखलं नव्हतं, तिला ते कोणीतरी सांगितलं होतं.

मला आई तसं काहीच बोलल्या नव्हत्या.