शुगर नॉर्मल, तरी तळपायांची आग

"डॉक्टर, शुगर नॉर्मल आलीय, मग रात्री तळपायांची एवढी आग का होते?"

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार डिसेंबरात हेच विचारत आले होते. निफाडचा पारा तेव्हा कुठवर उतरतो हे नाशिककरांना सांगायला नको. सगळं घर दोन-दोन गोधड्यांत गुरफटलेलं आणि हे गृहस्थ मात्र पाय उघडे टाकून, शहाबादी फरशीला तळवे टेकवून पडलेले. दिवसभर बागेत फारसं जाणवत नसे. पाठ टेकली की निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखं व्हायचं. घरच्यांनी 'उष्णता झाली' म्हणून सब्जा, गुलकंद, तूप लावून काशाची वाटी, सगळं करून पाहिलं होतं. वाटीनं घटकाभर बरं वाटतं आणि त्यात नुकसानही काही नाही. पण बिघाड नसेत असेल, तर तो वाटीनं जात नाही.

फायलीत उपाशीपोटी साखर 92, तीन महिन्यांची सरासरी 5.4. नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, तीही नॉर्मल. त्यावर कुणीतरी "टेन्शन घेऊ नका" म्हणून झोपेची गोळी दिलेली.

खरी मेख त्या एनसीव्हीत आहे. ते मशीन नसांमधल्या जाड तंतूंचा करंट मोजतं. स्पर्श, कंपन, स्नायूंची हालचाल ही कामं त्यांची. जळजळ, टोचणं, गरम-थंड या संवेदना बारीक तंतू वाहतात, आणि त्यांचा करंट इतका क्षीण असतो की मशीनला तो पकडताच येत नाही. फक्त बारीक तंतू बिघडले असतील तर रिपोर्ट स्वच्छच येणार. पक्की खात्री करायची तर घोट्याच्या वरच्या कातडीचा 3 मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातले तंतू मोजतात, पण ती सोय सगळीकडे नाही. माझं बऱ्याचदा टाचणीवर भागतं.

त्यांना डोळे मिटायला सांगितले. अंगठ्याला टाचणी लावली तर म्हणाले, "काहीतरी लागलं." घोट्याच्या चार बोटं वर लावली तेव्हा, "आता टोचलं!" ट्यूनिंग फोर्कची थरथर मात्र अंगठ्यावर व्यवस्थित कळत होती आणि टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली की पाऊल नीट उडत होतं. म्हणजे जाड तंतू शाबूत, बारीक गेलेले. तेही दोन्ही पायांत सारखे आणि पार टोकापासून, कारण सगळ्यात लांब नस आधी मार खाते.

मग नेहमीचा प्रश्न विचारला. "घेता का?"

"थोडी. कधीमधी."

वहिनी एवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. "रोजची क्वार्टर आहे, डॉक्टर. सात-आठ वर्षं झाली. आणि जेवायचं नाव नाही. शेंगदाणे-फरसाण खाल्लं की झोपले."

दारू नसेवर दोन बाजूंनी येते. एक तर ती स्वतःच नसेला विषारी. दुसरं, बी-1 म्हणजे थायमिन ती आतड्यातून नीट शोषू देत नाही, यकृतात साठू देत नाही, आणि वर जेवणही तोडते. त्यात या गृहस्थांचं बी-12 निघालं 162, म्हणजे कमीच. मटण खाणाऱ्या माणसाचं कसं काय कमी? तर पित्तासाठी रोज सकाळी एक कॅप्सूल, चार वर्षं, मेडिकलमधून परस्पर. अन्नातलं बी-12 मोकळं व्हायला पोटात आम्ल लागतं आणि कॅप्सूल तेच दाबते. हिमोग्लोबिन चांगलं होतं, म्हणून बी-12 कुणी तपासलंच नव्हतं. एकटं बी-12 कमी असतं तर बहुधा फोर्कची थरथर कळणं आधी गेलं असतं, म्हणून माझा मुख्य संशय दारूवरच राहिला. साखरेचाही पिच्छा सोडला नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासली, 128 आली. तीच 140च्या वर आली असती तर मधुमेहाच्या आधीची पायरी धरावी लागली असती, आणि त्या पायरीवरही नसा जळू शकतात.

बी-12ची इंजेक्शनं, थायमिनच्या गोळ्या, रात्री आग शमवणारं औषध थोड्या मात्रेत. दारू मात्र एका दिवसात तोडू नका म्हटलं. रोज घेणाऱ्यानं अचानक सोडली की दोन-तीन दिवसांत हात कापतात, भ्रम होतो, कधी फिट येते, म्हणून ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच. आणि नसांच्या शक्तीच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या मनानं वर्षानुवर्षं खाऊ नका. त्यांतल्या काहींत बी-6 भरपूर असतं, आणि जास्तीचं बी-6 स्वतःच नसा बिघडवतं.

पाय हळूहळू वर बधिर होत गेले, चप्पल निसटायला लागली, अंधारात तोल जायला लागला किंवा काही दिवसांतच पायांतली ताकद जायला लागली, तर मात्र टाचणीवर थांबत नाही. लगेच न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवतो.

तीन महिन्यांनी ते आले तेव्हा आग निम्म्यावर आली होती. पुढच्या थंडीत पाय गोधडीत गेले. अंगठ्यावर टाचणी अजून बोथटच लागते. पित्ताची कॅप्सूल बंद आहे. क्वार्टरचं मी वहिनींना विचारतो.