भावही वर, बेकारीही वर

«मंदीत लोकांच्या हातात पैसा नसतो, मग भाव खाली यायला हवेत. तरी भावही वाढतात आणि नोकऱ्याही जातात, हे होतंच कसं? आणि एवढ्या मोठ्या अर्थतज्ज्ञांना ते आधी कळलं कसं नाही?»

भाव आणि बेकारी एकत्र वाढण्याच्या या प्रकाराला स्टॅगफ्लेशन म्हणतात. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला हा प्रश्न वर्गापेक्षा वर्गाबाहेरच जास्त ऐकावा लागतो. विचारणाऱ्याकडे बहुधा स्वतःचं उत्तरही तयार असतं: तेल महागलं म्हणून. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. तेलाचा मोठा भडका उडाला तो 1973 च्या ऑक्टोबरनंतर. त्याआधीच, 1970 मध्ये, अमेरिकेत हा प्रकार दिसू लागला होता. 1969 मध्ये तिथली बेरोजगारी 3.5 टक्के होती आणि महागाई साडेपाच टक्क्यांच्या आसपास. मग मंदी आली. 1970 सरता सरता बेरोजगारी 6 टक्क्यांवर गेली, पण वर्षभराची महागाई उतरायचं नाव घेईना. तेल तेव्हा स्वस्त होतं. म्हणून मी या गोष्टीची सुरुवात तेलापासून करत नाही.

अचंबा का वाटला ते आधी सांगतो. ए. डब्ल्यू. फिलिप्स या न्यूझीलंडहून लंडनला आलेल्या अभ्यासकाने 1958 मध्ये ब्रिटनच्या 1861 ते 1957 या काळातले आकडे मांडले. बेरोजगारी कमी असलेल्या वर्षांत मजुरी झपाट्याने वाढायची आणि बेरोजगारी वाढली की मजुरीची वाढ मंदावायची. कारण सरळ होतं: माणसं मिळेनाशी झाली की मालक पगार वाढवून ती ओढतात, दाराशी रांग लागली की कोण कशाला वाढवेल? दोन वर्षांनी पॉल सॅम्युएलसन आणि रॉबर्ट सोलो या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी हाच विचार अमेरिकेच्या महागाईला लावून पाहिला. नातं कायम टिकेलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं, पण इशारे कोण लक्षात ठेवतं? धोरण ठरवणाऱ्यांनी एवढंच उचललं की थोडी महागाई सोसली तर बेकारी कमी होते.

यामागचं गृहीतक 1930 च्या महामंदीतून आलेलं होतं. तेव्हा दुखणं एकच होतं, मागणीचा अभाव. त्यामुळे अर्थव्यवस्थेला रेडिओसारखी एकच खुंटी आहे असं चित्र मनात ठसलं. खुंटी पिळली की मागणी वाढते, रोजगार आणि भाव दोन्ही वर जातात. उलटी फिरवली की दोन्ही खाली येतात. या चित्रात महागाई आणि बेकारी हातात हात घालून येऊच शकत नाहीत.

त्यात पहिली भेग पाडली ती 1967 च्या डिसेंबरमध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी, अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात. एडमंड फेल्प्स स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले होते. मुद्दा असा, की कामगाराला पगाराच्या आकड्याशी देणंघेणं नसतं, त्यात काय येतं याच्याशी असतं. भाव अचानक 3 टक्क्यांनी वाढले आणि पगार होते तिथेच राहिले, तर मालकाला मजुरी स्वस्त पडते आणि तो चार माणसं जास्त घेतो. पुढच्या वाटाघाटीत मात्र कामगार ते 3 टक्के आधीच धरून बोलतात. आता 3 टक्के महागाईने एकही जादा नोकरी मिळत नाही. पूर्वीइतकाच परिणाम हवा असेल तर ती 5 वर, मग 7 वर न्यावी लागते. तुम्ही थांबलात तरी महागाई थांबत नाही, कारण ती सगळ्यांच्या हिशेबात शिरलेली असते. अमेरिकेतले मोठ्या युनियनचे करार साधारण तीन वर्षांचे असत. खप घसरला तरी ठरलेली पगारवाढ द्यावीच लागे, मग मालक भाव चढे ठेवून माणसं कमी करत. 1970 मध्ये नेमकं हेच दिसलं. म्हणजे सगळेच अर्थतज्ज्ञ गाफील होते असं नाही. दोघांनी आधी सांगितलं होतं, ऐकणारे थोडे होते.

आता तेलाकडे येतो. 1974 उजाडेपर्यंत पिंपाचा भाव 3 डॉलरवरून जवळजवळ 12 डॉलरवर गेला. एक काल्पनिक कारखाना घ्या. त्याची वस्तू 100 डॉलरला विकली जाते: 60 मजुरीचे, 20 इंधनाचे, 20 भाडं, व्याज आणि नफ्याचे. इंधनाचा खर्च दुप्पट झाला, म्हणजे 40. मालक 5 डॉलर स्वतः सोसतो आणि किंमत 115 करतो. जिथे 1000 नग खपत होते तिथे आता 850 खपतात आणि त्या प्रमाणात माणसं जास्त होतात. भाव वाढला आणि नोकरी गेली, दोन्ही एकाच घटनेतून. कोणाची मागणी वाढली नव्हती, माल तयार करणंच महागलं होतं. म्हणजे खुंटी एक नव्हतीच.

पण इथे थांबलं तर ही एकदाच झालेली भाववाढ ठरते, वर्षानुवर्षं चालणारी महागाई नव्हे. उरलेले कामगार म्हणतात, भाव 15 टक्के वाढले, पगारही तेवढाच वाढवा. मजुरी 69 होते, किंमत 124. ही दुसरी फेरी चालणार की नाही, हे मध्यवर्ती बँक ठरवते. तिने पैसा मोकळा सोडला तर फेऱ्या चालूच राहतात. आवळला तर भाव शमतात, पण बेकारी आणखी वाढते. एकाच हत्याराने दोन्ही दुखणी बरी होत नाहीत.

अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांची त्रेधा बघा. 1974 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी महागाईविरुद्ध मोहीम उघडली, कोटाला लावायचे बिल्ले निघाले, प्राप्तिकरावर जादा 5 टक्के अधिभाराचा प्रस्ताव आला. जानेवारी 1975 मध्ये तेच फोर्ड करकपात मागत होते. मे महिन्यात बेरोजगारी 9 टक्के झाली. बिल्ल्यांची आजही टिंगल होते, पण फोर्ड यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर वेगळं काय केलं असतं, हे मला कोणी पटवून दिलेलं नाही.

फरक पडत होता तो दुसऱ्या फेरीत. तेल ब्रिटनला महागलं तसंच पश्चिम जर्मनीलाही. 1975 मध्ये ब्रिटनची महागाई 24 टक्क्यांच्या वर होती, जर्मनीची 6 च्या आसपास. जर्मन मध्यवर्ती बँकेने पैसा आवळून धरला होता. बेकारी मात्र तिथेही वाढली. तेलाचा मार चुकवणं तिच्या हाती नव्हतं.

अमेरिकेने हा धडा उशिरा आणि महाग घेतला. 1979 नंतर पॉल व्होल्कर यांच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर चढू दिले, ते 20 टक्क्यांच्या घरात गेले. 1982 च्या अखेरीस बेरोजगारी 10.8 टक्के झाली. 1980 मध्ये साडेतेरा टक्के असलेली महागाई 1983 मध्ये 3 टक्क्यांच्या आसपास आली. एवढी बेकारी खरंच लागत होती का, यावर अजून वाद आहेत.

भाव कडाडले की कोणीतरी स्टॅगफ्लेशन हा शब्द काढतंच, तेव्हा मी आधी दुसरा आकडा, बेरोजगारीचा, विचारतो. 2022 च्या जूनमध्ये अमेरिकेची महागाई 9.1 टक्के होती, पण बेरोजगारी 3.6. हातात काम होतं, माणसं मिळत नव्हती. त्याला महागाई म्हणावं, स्टॅगफ्लेशन नव्हे.