पावसाळ्यात माळी कशाला?

बाणेरच्या एका सोसायटीला बागेच्या वार्षिक देखभालीचा प्रस्ताव मेल केला होता. वर्षाचे तीन भाग, प्रत्येकात कोणती कामं, आणि बारा महिन्यांना एकच मासिक दर. मे महिन्यातल्या रविवारी कमिटीने बोलावलं. खजिनदार काकांनी प्रिंटवर ‘जून ते सप्टेंबर’ला लाल गोल करून ठेवला होता. म्हणाले, “या चार महिन्यांत पाणी घालायचं नाही. मग पैसे पूर्ण कसले? अर्धे घ्या.”

प्रश्न चुकीचा नव्हता. बाग म्हणजे पाइप धरून उभा माळी, एवढंच बहुतेकांना दिसतं. म्हटलं, चला, खालीच बघू.

बाग पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर. माती जेमतेम फूटभर. लॉनचा एक कोपरा पिवळा पडला होता आणि पिवळा दिसतोय म्हणून जुना माळी तिथे दोन वेळा पाणी सोडत होता. मी खुरप्याने वीतभर खड्डा केला. माती काळपट, चिकट, गटारासारखा वास, मुळं बोटांनी ओढली की तुटत होती. तहानेने पिवळं पडलेलं गवत असं नसतं. तिथली माती भुसभुशीत, कोरडी लागते. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं आणि आम्ही गप्पा मारत थांबलो. अर्ध्या तासाने पाणी जवळपास तेवढंच.

मग कोपऱ्यातल्या आउटलेटचं झाकण काढलं. जाळीवर कापलेल्या गवताचा आणि बारीक मुळांचा गच्च थर. खाली पार्किंगमध्ये त्याच जागी छताला ओल होती. वॉटरप्रूफिंगचंही काही बिघडलेलं असू शकतं, ते माझं खातं नाही हे स्पष्ट सांगितलं. पण पाणी साचू न देणं नक्कीच माझं.

पावसाळ्यात लॉन दर आठ-दहा दिवसांनी कापावं लागतं, मोथा गाठीसकट उपटावा लागतो, आणि प्रत्येक कापणीनंतर जाळ्या साफ करायच्या असतात. पाइप धरण्याचा वेळ वाचतो, पण तो इथेच जातो. माळी तोच, पगार तोच.

प्रस्ताव तिथेच थोडा बदलला. आउटलेटची सफाई मेअखेर आणि पुढे दर पंधरवड्याला, फोटोसह. ऑक्टोबरमध्ये लॉनवर माती-शेणखताचा थर पातळच, कारण दरवर्षी भर घालत गेलं की स्लॅबवरचा बोजा वाढतो. मोठ्या फांद्यांची छाटणी मात्र करारात घेतली नाही; 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे त्यासाठी महापालिकेची परवानगी लागते, तो अर्ज सोसायटीने करायचा.

काका शेवटपर्यंत काकाच! दर तोच ठेवला, पण हिवाळ्यातल्या पिटुनियाच्या कुंड्या निम्म्या करायला लावून जाळ्यांची सफाई त्यात बसवून घेतली.